मदत हवी आहे: व्हीपीएन चालू असलं की नेटबँकिंगमध्ये लॉगिन होत नाही, पासवर्ड बरोबर असूनही

सांगलीकर_श्टुटगार्ट

जर्मनीत राहतो. भारतातल्या एका खाजगी बँकेत एनआरओ खातं आहे. नेटबँकिंग उघडताना मी नेहमी पैसे भरून घेतलेलं व्हीपीएन लावतो आणि त्यात भारताचा सर्व्हर निवडतो. आजवर कधी अडलं नाही. गेल्या महिन्यापासून मात्र पान उघडतं, युजर आयडी-पासवर्ड घेतं, चाक फिरत राहतं आणि मग "सुरक्षेच्या कारणास्तव ही विनंती पूर्ण करता येत नाही" अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. ओटीपी पाठवतच नाही. यादीतला दुसरा भारतीय सर्व्हर निवडला तर तेवढंही नाही, नुसतं पांढरं पान:

```
Access Denied
You don't have permission to access ... on this server.
Reference #18....
```

बँकेचे कस्टमर केअरवाले म्हणतात, "सर, तुमचं खातं अ‍ॅक्टिव्ह आहे, आमच्याकडून काहीच प्रॉब्लेम नाही." फोनवरचं बँकेचं अ‍ॅप व्यवस्थित चालतं, पण त्यात फॉर्म १५सीए-सीबीची कागदपत्रं चढवता येत नाहीत, त्यासाठी वेबसाइटच लागते. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

बापू७२

माझंही अगदी हेच! मुलीकडे दुबईला आलोय, ओटीपी येतच नाही. सिमकार्डवाल्याला फोन केला तर रोमिंग चालू आहे म्हणतो. पेन्शनच्या खात्याचं अडलंय. काय करावं?

मंजिरी_ठाणे

बापूकाका, तुमचा प्रश्न वेगळा दिसतोय. यांचा ओटीपी बँकेने पाठवलेलाच नाही, तुमचा पाठवलाय पण पोचत नसेल. फोनमध्ये दोन सिम असतील तर भारतातलं सिम खरंच नेटवर्क पकडतंय का, ते आधी बघा.

सांगलीकर, साधा उपाय सांगते. ब्राउझरच्या कुकीज आणि कॅशे पूर्ण साफ करा, आणि सर्व्हर बदलत राहा. एखादा लागतोच. माझं ओटीटीचं असंच सुटलं होतं.

रात्रपाळी

मंजिरीताई, ओटीटीसाठी ठीक, बँकेसाठी हे उलटं पडेल. कुकीज पुसल्या की बँकेला "हा नेहमीचाच ब्राउझर" ही ओळख उरत नाही, आणि ती यांच्या बाजूची एक भक्कम साक्ष होती. सर्व्हर बदलत राहिलं की अर्ध्या तासात एकच माणूस चार पत्त्यांवरून दार वाजवताना दिसतो. चोर नेमकं तेच करतो. सर्व्हर बदलून काम होतं हे खोटं नाही, जो पत्ता अजून बदनाम झालेला नाही तो चालून जातो. पण आज चालला म्हणून पुढच्या आठवड्यात चालेलच असं नाही.

मी अशाच कामात आहे (तुमच्या बँकेत नाही), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही सांगितलेल्या दोन अडचणी दोन वेगळ्या दारांवरच्या आहेत. `Reference #18` वालं पान साइटच्या पुढे उभ्या असलेल्या पहाऱ्याचं आहे. त्याने नुसता आयपी बघून परत पाठवलं, तुमचं नावसुद्धा विचारलं नाही. पहिल्या सर्व्हरवरून तुम्ही ते दार ओलांडलंत, पासवर्डही जुळला, आणि मग आतल्या जोखीम तपासणीने अडवलं. ही तपासणी आयपी, ब्राउझर, देश, वेळ, मागच्या लॉगिनपासूनचं अंतर असं सगळं एकत्र बघून गुण देते. गुण हद्दीबाहेर गेले की ओटीपी पाठवायचाच नाही, असा नियम बरेच जण ठेवतात. खात्यावर कसलीच खूण लागत नाही, त्यामुळे कस्टमर केअरच्या पडद्यावर सगळं हिरवंच दिसतं. ते खोटं बोलत नाहीयेत.

आता पत्ता बदनाम का होतो? व्हीपीएनचा बाहेर पडण्याचा पत्ता तुमच्या एकट्याचा नसतो, शेकडो लोक त्याच पत्त्यावरून बाहेर पडतात. त्यातला एखादा चोरलेल्या पासवर्डांची यादी घेऊन एकेक खातं उघडून बघत असतो. बँकेच्या नोंदीत तो आणि तुम्ही एकाच पत्त्यावरचे. शिवाय तो पत्ता डेटा सेंटरच्या नावावर नोंदलेला असतो, घरगुती ब्रॉडबँडच्या नाही. घरी बसलेला खातेदार डेटा सेंटरमधून कसा काय येतो, एवढी शंकाही गुण वाढवायला पुरते.

एक करून बघा. व्हीपीएन चालू ठेवून

```
curl ipinfo.io
```

आणि `org` च्या ओळीत काय येतं ते सांगा. मग व्हीपीएन बंद करून `ip` च्या ओळीत आलेल्या पत्त्याला `ping` करा आणि किती मिलिसेकंद येतात तेही लिहा. लॉगिनचा प्रयत्न तोवर थांबवा. पासवर्ड बरोबर असला तरी उगाच खातं लॉक व्हायला नको.

सांगलीकर_श्टुटगार्ट

केलं. `country` मध्ये IN, `city` मध्ये Mumbai, आणि `org` मध्ये कुठल्यातरी Hosting कंपनीचं नाव. पिंग मात्र २७ मिलिसेकंद. मुंबई म्हणून बरीच चांगली वाटते!

रात्रपाळी

चांगली नाही, अशक्य आहे. श्टुटगार्ट ते मुंबई सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे केबल अगदी सरळ टाकली असती तरी जाऊन-येऊन ६५ मिलिसेकंद लागले असते, आणि खऱ्या केबल वळणावळणाने येतात, म्हणून शंभराच्या वरच जातं. २७ म्हणजे तुमची "मुंबई" युरोपातच कुठेतरी आहे.

याला कारण आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, दिलेले आयपी वगैरे पाच वर्षं जपून ठेवावेत. त्यावर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी आपले भारतातले सर्व्हर उचलले. तेव्हापासून अनेक कंपन्यांच्या यादीत "इंडिया" दिसतं ते आभासी. पत्ता भारताचा म्हणून नोंदवलेला, यंत्र सिंगापूर, ब्रिटन किंवा आणखी कुठे. एखादी पत्त्यांची माहिती विकणारी संस्था त्याला भारत म्हणते, दुसरी म्हणत नाही. बँक कुणाची यादी विकत घेते त्यावर तुम्ही भारतीय ठरता की संशयित.

टेकडीवरचा

सगळं मान्य, पण व्हीपीएन बंद करून बँक उघडा असा सल्ला कुणी देऊ नये. परदेशातल्या नेटवर्कवर पासवर्ड उघडा पडतो. मी तर घरातसुद्धा व्हीपीएनशिवाय बँक उघडत नाही.

रात्रपाळी

बँकेची साइट `https` वर असते, पासवर्ड तुमच्या ब्राउझरपासून बँकेपर्यंत कुलूपबंदच जातो. विमानतळावरच्या वायफायवर कुठल्या साइटवर गेलात एवढं दिसू शकतं, पासवर्ड दिसत नाही. हां, प्रमाणपत्राचा इशारा आला आणि तुम्ही "तरीही पुढे जा" केलंत तर गोष्ट वेगळी. घरच्या ब्रॉडबँडवर व्हीपीएनने या बाबतीत फारसं काही मिळत नाही. फक्त तुमचा विश्वास जर्मन इंटरनेट कंपनीवरून व्हीपीएन कंपनीवर सरकतो.

सांगलीकर, आणखी एक. तुमचं अ‍ॅप दिवसभर जर्मन मोबाइल नेटवर्कवरून बँकेशी बोलतंय, आणि वीस मिनिटांनी तुम्ही वेबवर "मुंबई"तून हजर. हे गणित कुठल्याही यंत्रणेला खटकणारच. खातं एनआरओ आहे, बँकेला तुमचा श्टुटगार्टचा पत्ता केवायसीत माहीत आहे. तुमच्यासाठी खरा जर्मन पत्ता हाच सगळ्यात कमी संशयाचा आहे. तोच ब्राउझर, कुकीज न पुसता, व्हीपीएन बंद, घरचं ब्रॉडबँड. करून बघा.

सांगलीकर_श्टुटगार्ट

झालं लॉगिन! ओटीपी आला, वर एक सुरक्षा प्रश्न विचारला, पण आत गेलो. कागदपत्रंही चढली.

आता दुसरी अडचण. व्हीपीएन लावायची सवय लागली ती एका सरकारी साइटमुळे, ती भारताबाहेरून उघडतच नाही. वडिलोपार्जित जमिनीची कामं त्यावर असतात. दर वेळी चालू-बंद करत बसायचं का?

मंजिरी_ठाणे

डेडिकेटेड आयपी घ्या ना. महिन्याला थोडे जास्त पैसे, पण पत्ता फक्त तुमचा.

रात्रपाळी

शेजाऱ्यांच्या पापांची शिक्षा टळते, हे बरोबर. पण पत्ता डेटा सेंटरचाच राहतो, तेवढा संशय उरतो. आणि तो पत्ता भारतात आहे का, हे पिंग करून बघायला लागेलच.

बँकेपुरतं सांगायचं तर विंडोज किंवा अँड्रॉइड असेल तर व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये Split tunneling बघा. एक ब्राउझर त्यातून वगळा आणि बँक फक्त त्याच ब्राउझरात उघडा. आयफोनवर ही सोय बहुतेक ठिकाणी मिळत नाही.

सरकारी साइटसाठी, सांगलीत घरी कुणी असतं का? ब्रॉडबँड आहे का?

सांगलीकर_श्टुटगार्ट

आई-बाबा असतात. फायबर आहे. एक जुना रास्पबेरी पायही कपाटात पडून आहे.

रात्रपाळी

मग काम झालंच. त्यावर टेलस्केल टाका, आपलीच यंत्रं आपसात जोडणारं व्हीपीएन आहे ते. आधी त्यांच्या मदतपानावर दिल्याप्रमाणे पायवर आयपी फॉरवर्डिंग चालू करा, नंतर

```
sudo tailscale up --advertise-exit-node
```

मग वेबवरच्या अ‍ॅडमिन पानात त्या यंत्राला एक्झिट नोड म्हणून मंजुरी द्या. श्टुटगार्टच्या लॅपटॉपवर टेलस्केलमध्ये तो नोड निवडला की तुम्ही सांगलीच्या घरातून बाहेर पडता. पत्ता घरगुती, आणि खरोखर भारतातला.

टेलस्केलऐवजी स्वतःच वायरगार्डचं व्हीपीएन लावायला गेलात तर बहुधा अडेल, कारण आपल्याकडे घरच्या राउटरला अनेकदा सार्वजनिक पत्ता मिळतच नाही. राउटरच्या पानावर WAN चा पत्ता 100.64 ते 100.127 यातल्या आकड्याने सुरू होत असेल तर बाहेरून आत येता येणार नाही. टेलस्केल त्यातूनही वाट काढतं.

दोन गोष्टी सांभाळा. त्याची किल्ली मुळात १८० दिवसांनी संपते, पायसाठी अ‍ॅडमिन पानात Disable key expiry करा, नाहीतर बाबांना फोनवर कमांड सांगत बसाल. आणि वीज गेली की नोड गेला. राउटर आणि पाय दोन्ही इन्व्हर्टरवर ठेवा.

बँकेला मात्र सांगलीतून जाऊ नका. पत्ता स्वच्छ असला तरी फोन जर्मनीत आणि वेब सांगलीत, हा घोळ तसाच राहतो.

टेकडीवरचा

सरकारी साइटने परदेशातून बंद ठेवलंय तर असं घरातून वळसा घालून जाणं नियमात बसतं का? मला शंका आहे.

रात्रपाळी

स्वतःच्या घरचं कनेक्शन, स्वतःचं खातं. मला तरी गैर वाटत नाही. पण त्या साइटच्या अटी मी वाचलेल्या नाहीत, सांगलीकरांनी वाचाव्यात.

सांगलीकर_श्टुटगार्ट

वाचतो. पाय आता काकांचा मुलगा शनिवारी जोडून देणार आहे.

एक उरलं. म्युच्युअल फंडाची एक साइट व्हीपीएन बंद करूनही तेच `Access Denied` दाखवते, जर्मन मोबाइल डेटावरसुद्धा. म्हणजे सगळा परदेशच बंद केलाय असं धरायचं का?

रात्रपाळी

दोन वेगळ्या जर्मन नेटवर्कवरून तेच, म्हणजे शक्यता तीच जास्त. तरी नुसतं "साइट उघडत नाही" असं कळवू नका. पानावरचा पूर्ण Reference क्रमांक, भारतीय वेळेनुसार मिनिटापर्यंतची वेळ आणि तुमचा तेव्हाचा आयपी, हे तिन्ही ईमेलमध्ये लिहा. त्या क्रमांकावरून त्यांच्या तांत्रिक टीमला कुठल्या नियमाने अडवलं ते शोधता येतं. पहिलं उत्तर "कॅशे साफ करा" असंच येईल. तोच ईमेल पुन्हा पाठवा.

बापू७२

मंजिरीताई, दुसऱ्या सिमवर टॉवरच नव्हता, हाताने नेटवर्क निवडल्यावर आला. पण ओटीपी अजून तासाभराने येतो, तोवर बाद होतो. याचं काही?