एक्सपिरियन्सचं हेडिंगच उडव

"रेझ्युमे बनवतोय, पण एक्सपिरियन्समधे काहीच नाही, नुसता फायनल इयरचा प्रोजेक्ट आन एक महिन्याची इंटर्नशिप, काय लिहू?"

भाऊ, रिकामं हेडिंग ठेवायचंच कशाला. नाव-नंबरखाली शिक्षण दोन ओळीत, मग डायरेक्ट प्रोजेक्ट, मग इंटर्नशिप. ऑब्जेक्टिव्ह, वडलांचं नाव, खालचं डिक्लेरेशन सगळं काढ, तेवढ्यात प्रोजेक्टच्या चार ओळी बसतात.

माझा चुलतभाऊ लातूरचा, त्यानं लिहिलं होतं "सोयाबीन भाव अ‍ॅप, चौघांची टीम, पायथन वापरलं". म्हणलं तू सोता काय केलास? तर म्हणे अडतीवर जाऊन सोयाबीन विक्रीच्या पावत्या, म्हंजे पट्ट्या, गोळा केल्या, डेटाबेस बी मीच केला. अरे मग हेच लिही की! ओळ अशी केली: "अडतीवरच्या ६०० पट्ट्या एक्सेलमधे भरून त्यातल्या डबल नोंदी काढल्या, त्यावरून मायएसक्यूएल डेटाबेस बनवला, टीममधे हे काम माझ्याकडं." इंटरव्ह्यूत पहिलाच प्रश्न आला, डबल नोंद ओळखली कशी? पट्टी नंबर आन तारीख दोन्ही सेम असली की डबल, कारण नंबर दरवर्षी परत एकपासून सुरू होतो, असं त्यानं सांगितलं आन पुढची दहा मिनिटं त्याच्यावरच गेली.

आकडा मात्र मोजलेलाच टाक, अंदाजे टाकला की दुसऱ्याच प्रश्नाला अडकतोस. इंटर्नशिप बी अशीच लिही, "पायथन शिकलो" नको, काय करून दिलं ते सांग. गॅदरिंगमधे नुसता व्हॉलंटियर होतास तर सोडून दे, पण वर्गणीचा हिशोब तुझ्याकडं असला तर एक ओळ टाक.