मदत हवी आहे: फोटोग्राफरचं पॅकेज, तास कसे धरायचे?

नमस्कार मंडळी. बहिणीचं लग्न आहे. हळद खानापुरात आमच्या घरी, लग्न बेळगावात हॉलवर, तिसऱ्या दिवशी पूजा. दोन कोटेशन आली आहेत.

पहिलं ६०,००० चं. दोन दिवस, रोज ८ तास, ३०० एडिट केलेले फोटो, ४० पानांचा अल्बम. जादा तासाला १,५००, तिसऱ्या दिवसाचे १२,०००. दुसरं ७८,००० चं. तिन्ही दिवस कार्यक्रम संपेपर्यंत, ५०० फोटो, ३० शीटचा अल्बम. एका शीटची दोन पानं होतात, म्हणजे हा ६० पानांचा. मी आधी ३० बघून हाच लहान समजले होते!

लग्नादिवशी सकाळी ७ ला चुडा, रात्री ८ पर्यंत पाठवणी, म्हणजे १३ तास. जादा ५ तासांचे ७,५०० आणि पूजेचे १२,००० धरले की पहिलं ७९,५०० वर जातं. पण हळद ६ तासांत उरकेल. तिथले उरलेले २ तास लग्नात धरले, तर ७६,५००. कुणाला असे तास फिरवून मिळालेत का? की रोजचे रोज संपतात?

खानापूर-बेळगाव प्रवास तासांत मोजतात का, तेही सांगा. आणि ३०० फोटो तीन दिवसांना पुरतात का? आमच्याकडे नुसते आहेराचे, पाहुण्यांबरोबरचेच शंभरेक होतील, मग विधींना काय उरणार याची काळजी वाटते. रविवारी ॲडव्हान्स द्यायचा आहे.