प्रोग्रेसिव्ह डाउनलोड आणि सेगमेंटेड स्ट्रीमिंग : नेमका फरक कोणता?

ओवी
आमच्या महाविद्यालयाचे ४८ मिनिटांचे व्याख्यान मी परवानगी घेऊन उतरवत आहे. जुनी व्याख्याने राइट-क्लिक करून जतन होतात. नव्याचा पत्ता ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये शोधून जतन केला, तर जेमतेम एक केबीची फाइल हाती आली. मदतपानावर शीर्षकातले दोन्ही शब्द आहेत. दोन्ही प्रकारांत व्हिडिओ उतरता उतरताच दिसत असेल, तर फरक कुठे आहे?

घाटवाट
प्रोग्रेसिव्हमध्ये अख्खी फाइल उतरल्याशिवाय व्हिडिओ सुरू होत नाही, स्ट्रीमिंगमध्ये लगेच होतो.

शाईपेन
फाइल एकच असते हे बरोबर आहे, पण ती पूर्ण उतरण्याची वाट पाहावी लागत नाही. एमपी४ फाइलमधली `moov` नावाची अनुक्रमणिका सुरुवातीला असली, की पुढचा मजकूर येत असतानाच चित्र दिसू लागते. म्हणूनच जुनी व्याख्याने एका पत्त्यावरून अखंड जतन होतात.

ओवी, तुमची फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. पहिली ओळ `#EXTM3U` असेल, तर ते सेगमेंटेड स्ट्रीमिंग आहे : व्हिडिओ लहान तुकड्यांत येतो आणि तुम्ही व्हिडिओ नव्हे, त्याची यादी जतन केली आहे. त्यातल्या `#EXT-X-STREAM-INF` या ओळी निरनिराळ्या दर्जांच्या उपयाद्यांकडे नेतात आणि खऱ्या तुकड्यांचे पत्ते त्या उपयाद्यांत असतात. प्रत्येक तुकडा ६ सेकंदांचा धरला, तर तुमच्या व्याख्यानाचे ४८० तुकडे होतात. पानावरचा `blob:` ने सुरू होणारा पत्ता त्या टॅबपुरताच असल्याने तो जतन करून काही मिळत नाही. ffmpeg या कमांड-लाइन प्रोग्रामला मूळ यादीचा पत्ता असा द्यावा:

```
ffmpeg -i "https://example.org/master.m3u8" -c copy vyakhyan.mp4
```

यात चित्राचे पुन्हा एन्कोडिंग होत नाही, तुकडे फक्त जोडले जातात.

पाणवठा
१०८०पी मधला ‘पी’ प्रोग्रेसिव्हचाच ना? मग दर्जा वाढवला की डाउनलोड प्रोग्रेसिव्ह होते का?

शाईपेन
तो ‘पी’ पडद्यावर चित्राच्या ओळी कशा रेखल्या जातात याविषयी आहे. फाइल कशी पाठवली जाते, याच्याशी त्याचा संबंध नाही.

घाटवाट
मग माझ्याकडे `.ts` अशी फाइल उतरली आणि ती काही सेकंदांतच संपली, तिचा उलगडा झाला. तो एकच तुकडा होता.

ओवी
पहिली ओळ तीच निघाली आणि आज्ञा चालवल्यावर व्हिडिओही जोडला गेला, पण त्याला आवाज नाही.

शाईपेन
मूळ यादीत `#EXT-X-MEDIA:TYPE=AUDIO` अशी ओळ आहे का? असल्यास आवाजाचे तुकडे वेगळ्या यादीत असू शकतात आणि तुम्ही मूळ यादीऐवजी केवळ चित्राच्या उपयादीचा पत्ता दिला असण्याची शक्यता आहे. तो मूळ यादीचाच असेल, तर आज्ञा चालताना आलेला संदेश येथे द्या. त्याशिवाय कारण सांगता येणार नाही. व्हिडिओ डीआरएमने संरक्षित असेल, तर मात्र तुकडे जोडूनही तो चालणार नाही.

ओवी
ती ओळ आहे, पण मी मूळ यादीच दिली होती. संदेश संध्याकाळी येथे देते.