वजाबाकीने दोन ओळीत सुटतं, मग अनंत श्रेढीचं झंझट कशाला?

फटकळ_इंजिनियर: ०.२७२७२७... चा अपूर्णांक करायचा. x धरा, १००x = २७.२७२७..., वजा करा, ९९x = २७, x = ३/११. नववीतलं पोर करतं हे. आणि अकरावीत तेच २७/१०० + २७/१०००० + ... असं लिहून a/(१−r) लावायला सांगतात, वर "|r| < १ असल्याने" लिहिलं नाही की मार्क कापतात. निव्वळ टाइमपास आहे. कोणीतरी पटवून द्या.

खडूधारी: पटवून द्या म्हणताय म्हणून लिहितो, नाहीतर सोडून देणार होतो. तुमचीच युक्ती वापरू. S = १ + २ + ४ + ८ + ... , मग २S = २ + ४ + ८ + ... , वजा करा, S = −१. सगळ्या धन संख्या मिळवल्या आणि उत्तर ऋण. स्टेप तुमचीच आहे, कुठे चुकली ते सांगा.

आता मी सांगतो. अनंतावर उडी मारू नका, तीनच गट घ्या. x = ०.२७२७२७, १००x = २७.२७२७, वजाबाकी २६.९९९९७३. पूर्ण २७ आले नाहीत, ०.००००२७ कमी पडलं. चौथा गट घेतला की ही तूट शंभर पटीने लहान होते, पाचवा घेतला की अजून शंभर पटीने, म्हणून शेवटी २७ लिहायला हरकत नाही. तेच १ + २ + ४ + ८ ला करा. बेरीज १५, दुप्पट ३०, वजाबाकी १ − १६. तो १६ पुढच्या पदाला ३२ होतो, मग ६४. तुम्ही वजाबाकी करताना शेपूट गुपचूप टाकून देता, ते शेपूट विरतंय की फुगतंय हे |r| < १ सांगतं.

फटकळ_इंजिनियर: बरं. पण दशांशात r कायम १/१०, १/१००, १/१००० असलंच काहीतरी असणार ना? म्हणजे अट आपोआप पाळली जाते. मग प्रत्येक गणितात ती लिहायची कशाला, आरती म्हटल्यासारखी?

खडूधारी: हे मात्र बरोबर आहे, मान्य करतो. दशांशापुरतं एकदा कळलं की पुरे.

चौथी_अ: एवढं कशाला, जेवढे अंक तेवढे नऊ खाली लिहायचे. ०.४१६६६... = ४१६/९९९. आमच्या सरांनी शिकवलेलं, आयुष्यभर पुरलं.

खडूधारी: ४१६/९९९ म्हणजे ०.४१६४१६४१६... तुमच्या आकड्यात फक्त ६ फिरतोय, ४१ जागेवर बसलाय. ४१/१०० बाजूला ठेवा, उरलं ०.००६ + ०.०००६ + ... , पहिलं पद ६/१०००, r = १/१०, बेरीज ६/९००. दोन्ही मिळून ३७५/९००, म्हणजे ५/१२. सरांनी सगळे अंक फिरणारं उदाहरण दिलं असेल, तुम्ही अर्धंच लक्षात ठेवलंत.

चौथी_अ: सरांवर जायचं काम नाही.

भिशीवाला: हे सगळं कागदावर ठीक आहे. आम्ही तिघं जेवायला गेलो, बिल १०० रुपये, प्रत्येकी ३३.३३, झाले ९९.९९. एक पैसा कुठे गेला? त्याची श्रेढी सांगा.

खडूधारी: अहो तुम्ही दोन घरांवर तोडलंत म्हणून गेला. इथे तोडायचंच नाही यावर वाद चाललाय.

रेवतीची_आई: मार्कांचा विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. मुलगी अकरावीला, क्लासच्या टेस्टमध्ये प्रश्न होता, ३ + ३(२x−५) + ३(२x−५)² + ... ची अनंत बेरीज १ असेल तर x काढा. तिने ३/(६−२x) = १ लिहिलं, x = १.५ काढलं, सगळ्या स्टेप्स स्वच्छ. तीनपैकी शून्य! रात्री जेवली नाही पोरगी. मी ताळा करून बघितला, ३/(६−३) = १ बरोबरच येतं.

खडूधारी: ताई, ताळा सूत्रात केलात, श्रेढीत करा. x = १.५ ला २x−५ = −२. पदं ३, −६, १२, −२४. बेरीज पहिल्यांदा ३, मग −३, मग ९, मग −१५. ही १ कडे जातेय असं वाटतं का? कन्व्हर्ज व्हायला २x−५ हे −१ आणि १ च्या मधे हवं, म्हणजे x २ आणि ३ च्या मधे, टोकं सोडून. १.५ त्यात बसत नाही. उत्तर "असा x नाही". बेरीज २ विचारली असती तर x = २.२५, r = −०.५, आणि ३, १.५, २.२५, १.८७५ अशी ती दोन्ही बाजूंनी २ ला चिकटत जाते. मुळात r −१ च्या वरच असल्यामुळे १−r कधीच २ ला पोचत नाही, म्हणून पहिलं पद ३ असताना बेरीज १.५ किंवा त्याखाली येऊच शकत नाही. हे दिसलं की हे गणित न सोडवताच संपतं.

रेवतीची_आई: हो पण शून्य? प्रश्नात "x काढा" म्हटलंय, मग x आहे असंच मूल समजणार ना!

पेपर_तपासनीस: मी असतो तर दोन दिले असते. सूत्राला एक, समीकरणाला एक.

फटकळ_इंजिनियर: मी तीन दिले असते. फसवा प्रश्न काढायचा आणि वर मूल फसलं म्हणून शून्य.

खडूधारी: फसवा नाहीये हो, त्या प्रश्नात विचारण्यासारखी गोष्ट अटच आहे! दशांशात अट विसरलात तरी उत्तर बरोबर येतं, तिथे मार्क कापणं हा छळच. इथे अट विसरलात की उत्तरच नाही.

पेपर_तपासनीस: तरी शून्य नाही. छत्तीस वर्षं गठ्ठे तपासलेत मी.

खडूधारी: मी काय भजी तळत होतो? बरं, एक द्या. एकच.

रेवतीची_आई: एकाने काय होतंय, बॅच बदलली तिची.

दक्षिणी_वारा: मार्कांच्या भांडणात एक राहून जातंय. केरळात नीलकंठ सोमयाजींनी आर्यभटीयावरच्या भाष्यात १/४ + १/१६ + १/६४ + ... = १/३ दाखवलंय, पंधराव्या-सोळाव्या शतकातली गोष्ट. १/३ मधून १/४ काढा, १/१२ उरतात, म्हणजे काढलेल्या पदाचा तिसरा हिस्सा. त्यातून १/१६ काढा, १/४८ उरतात, परत तिसरा हिस्सा. खडूधारींचं शेपूट हेच. आणि चारच्या पायात लिहिलं तर ते ०.१११... आहे, सरळ आवर्ती.

फटकळ_इंजिनियर: आलं, आमच्याकडे सगळं आधीच होतं.

दक्षिणी_वारा: सगळं म्हटलं नाही, हे एक होतं म्हटलं. वाचत जा.

तिरपा_कंस: आगीत तेल ओततो. १ + २ + ४ + ८ + ... = −१ हे २-अॅडिक संख्यांमध्ये अगदी बरोबर आहे. तिथे २ चे मोठे घात "लहान" धरतात, त्यामुळे तो १६, ३२, ६४ शून्याकडेच जातो.

फटकळ_इंजिनियर: बघा! माझी युक्ती बरोबरच होती.

खडूधारी: अहो, तिथे लांबी मोजायची पट्टीच वेगळी आहे. अट तीच, |r| < १, फक्त २ चं माप तिथे अर्धं धरतात. म्हणजे तुम्ही परत माझ्याच अटीवर आलात.

फटकळ_इंजिनियर: मग रेवतीला तिथले मार्क द्या. तिचा r −२ च होता.

तिरपा_कंस: तिथे ३ − ६ + १२ − २४ + ... ची बेरीज खरंच १ येते 😀

रेवतीची_आई: हे मी सरांना दाखवू का?

पेपर_तपासनीस: नका दाखवू.