मैत्रिणीसाठी दुसरा डबा भरून द्यावा का?

पेठ रोडची आई
माझी लेक तिसरीत आहे, खासगी इंग्रजी शाळेत. तिच्या बाकावरची मैत्रीण आरटीईतून आलेली. मैत्रिणीची आई दिंडोरीकडच्या एका पॅकहाऊसला द्राक्षं निवडायला जाते, अंधारातच घर सोडते. मोठ्या सुट्टीत दोघी डबे बदलून खातात. माझा पराठा तिकडे, आणि लेक नागलीची भाकरी नि खुरासणीची चटणी खाऊन येते. गेल्या आठवड्यापासून मी मैत्रिणीसाठी वेगळा डबा भरून देते. नवरा म्हणतो बरं केलंस, सासूबाई म्हणतात चुकतेस. तुम्हाला काय वाटतं?

इंदिरानगर
तुमच्या मुलीचा डबा दुसरी मुलगी रोज खात असेल तर आधी वर्गशिक्षिकेला सांगा. आमच्या मुलाचा डबा असाच कोणीतरी घ्यायचं आणि तो उपाशी घरी यायचा. गप्प बसलात तर सवय लागते.

पेठ रोडची आई
अहो, हिसकावून नाही घेत कोणी. दोघी आपणहून बदलतात. लेक उपाशी तर नसतेच, उलट भाकरी आवडते म्हणून घरीही मागते.

गंगापूर रोड, दोन मुलांचा बाबा
आरटीईच्या मुलांचं सगळं सरकार बघतं. फी सरकार भरतं, दुपारची खिचडीही मिळते. त्यामुळे तुम्ही वेगळा डबा द्यायची काही गरज नाही. नुसती मैत्री राहू द्या.

निवृत्त बाई, पंचवटी
दादा, फीचं तुमचं बरोबर आहे, ती सरकार शाळेला देतं. खिचडीचं मात्र तसं नाही. पोषण आहार सरकारी आणि अनुदानित शाळांत आहे, पहिली ते आठवी. विनाअनुदानित खासगी शाळेत तो नाही. म्हणजे हीच मुलगी महापालिकेच्या शाळेत असती तर सगळ्यांबरोबर पंगतीत बसून तेच जेवली असती. खासगी शाळेत आली आणि तिचं गरम जेवण सुटलं. आता तिचं घर सगळ्यांना दिसतं ते डब्यातून. गणवेश सारखा असतो, डबा नसतो.

ताई, आता तुमच्याबद्दल. मी प्राथमिकला शिकवलं, हे बरेचदा पाहिलं. माझ्या वर्गात दोन मुलगे होते, एकाचे वडील डॉक्टर, दुसऱ्याचे बांधकामावर. पहिला सँडविच द्यायचा, दुसरा शेंगदाण्याची चटणी डब्याच्या झाकणावर काढून त्याच्यापुढे सरकवायचा. द्राक्षांच्या दिवसांत पिशवीभर मणी आणायचा, घडातून गळलेले, आणि आधी मित्राला मूठभर देऊन मग स्वतः खायचा. मग डॉक्टरांच्या घरून दोन डबे यायला लागले. मनापासून यायचे, त्यात खोट नव्हती. पण थोड्याच दिवसांत दुसऱ्याने स्वतःचा डबा आणणं बंद केलं. घरीही वाटलं, मिळतोय तिकडे, कशाला करायचा? पुढे डॉक्टरांचा मुलगा तापाने आठवडाभर आला नाही. हा सुट्टीत नळाजवळ फिरत राहिला. विचारलं तर म्हणाला, भूक नाही. मित्र परत आला तेव्हा हा दुसऱ्या बाकावर बसायला लागला होता.

भांडण झालं नव्हतं. त्याच्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं, एवढंच. मुलांना हे बोलून सांगता येत नाही, पण घेणारा हात कायम आपलाच आहे हे त्यांना कळतं. तुमच्या लेकीला भाकरी खरोखर आवडते, हीच त्या मैत्रिणीची मोठी जागा आहे. वेगळ्या डब्याने नेमकी तीच जाते.

सुरगाण्याचा, आता सातपूर
बाई, तुमचा मान ठेवून सांगतो, मला हे पटत नाही. मी आश्रमशाळेत वाढलो. पोटात भूक असली की मान वगैरे दुपारनंतर आठवतो. कोणी डबा दिला असता तर मी घेतला असता आणि आयुष्यभर त्याचं नाव घेतलं असतं. पोटभर जेवणारी माणसं गरिबाच्या स्वाभिमानाची काळजी फार करतात. ताईंनी डबा चालू ठेवावा.

निवृत्त बाई, पंचवटी
भूक असेल तर आधी पोट, यात वाद नाही. पण तशी भूक आहे का ते बघावं लागतं. ती डबा आणते का, झाकण सगळ्यांसमोर उघडते का की दप्तरात अर्धवट उघडून खाते, सोमवारी सकाळी पेंगते का, सुट्टीच्या आधीच पोट दुखतं म्हणते का. ही मुलगी भाकरी-चटणी आणते, ती मैत्रिणीला देते, म्हणजे आज तरी तिची गोष्ट उपासाची नाही. तशी असती तरी मी ताईंना लेकीच्या हाती डबा द्या असं नसतं सांगितलं. ते वर्गशिक्षिकेने, मोठ्यांनी, मोठ्यांशी बोलून करायचं काम आहे. आठ वर्षांच्या पोरीच्या दप्तरातून दुसऱ्याचं घर चालवू नये.

अंबडचा बाप
माझा मुलगाही आरटीईतून शिकतो. मी कंपनीत शिफ्टला जातो. धाकट्याच्या वेळी, २०२४ ला, एक किलोमीटरवर सरकारी शाळा असेल तर खासगी शाळा मिळणार नाही असा नियम आणला होता. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला, पण तोवर शाळा सुरू झाल्या होत्या आणि आम्ही नुसती वाट बघत बसलो. एवढं करून जागा मिळते, म्हणून आमच्या घरात डब्याचं टेन्शन फीपेक्षा मोठं असतं. शाळेने आठवड्याचा मेनू दिलाय. एक दिवस फळ, एक दिवस मोड आलेली कडधान्यं, एक दिवस मुलांच्या आवडीचं. त्या आवडीच्या दिवशी माझी बायको रात्रीच विचार करत बसते.

ताई, तुम्ही डबा द्यायच्या आधी तिच्या आईला विचारलं का? माझ्या मुलाला कोणी न विचारता रोज डबा दिला तर मला वाईट वाटेल. विचारून दिला तर कदाचित हो म्हणेन.

पेठ रोडची आई
नाही विचारलं. शाळा सुटताना त्या कधी दिसत नाहीत, न्यायला तिचा मोठा भाऊ येतो. आणि बाई, तुम्ही सांगताय तसं एक झालंय. काल वेगळा डबा असूनही तिने आपली भाकरी लेकीला दिलीच, आणि माझा डबा अर्धा परत आला. मला वाटलं तिला भाजी आवडली नसेल.

निवृत्त बाई, पंचवटी
भाजीचं काही नाही ते. तिला बदलायचं होतं. तुम्ही एकच डबा द्या, थोडा भरून. दोन पराठे असतील तिथे तीन, आणि काही सांगू नका, वाटणी त्या दोघी करतील. वर्गशिक्षिकेला शनिवारी अंगतपंगत सुचवा. पण अट एक, घरात रोज जे होतं तेच आणायचं. ‘काहीतरी खास आणा’ म्हटलं की गरीब घर उधारीवर वेफर्स आणतं. मी पहिल्या वर्षी हे बघून पुढच्या वर्षीपासून खास हा शब्दच काढून टाकला.

गंगापूर रोड, दोन मुलांचा बाबा
खिचडीचं मला माहीत नव्हतं. पण अंगतपंगतीत एकाच ताटात खाण्याला शाळा तयार होईल असं वाटत नाही. आमच्याकडे करोनानंतर डबा वाटून खायला बंदीच आहे, ॲलर्जीचं कारण देतात. आणि ते अगदीच खोटं नाही, माझ्या मुलीला शेंगदाणा चालत नाही.

निवृत्त बाई, पंचवटी
ज्या मुलीला चालत नाही तिच्या बाकाला सांगून ठेवायचं. त्यासाठी सगळ्या वर्गाची झाकणं का बंद करायची?

सुरगाण्याचा, आता सातपूर
तीन पराठ्यांचं मान्य. आईला विचारण्याचंही मान्य, पण न्यायला येणाऱ्या भावाच्या हाती चिठ्ठी देऊ नका, त्याला लाज वाटेल. रविवारी घरी जा. पण बाई, एक मुद्दा तुम्ही सोडलात. पॅकहाऊसचं काम एप्रिलपर्यंत संपतं. पावसाळ्यात आमच्याकडची बरीच माणसं भाताच्या आवणीला गावी जातात, पोरं इथे कोणाकडे तरी ठेवून. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा तिच्या डब्यात भाकरी असेल का हे कोणी बघायचं?