आकृती शब्दांत लिहून द्यावी का?

विद्यार्थ्याचं पत्र: सर, सराव परीक्षेची प्रश्नपत्रिका फोटो काढून पाठवलीत. मला दिसत नाही, मोबाईल मजकूर वाचून दाखवतो, पण या फोटोवर तो नुसतं ‘इमेज’ म्हणतो. मजकूर ताईने वाचून दाखवला, पण प्रश्न ४ च्या आकृतीबद्दल ती म्हणाली, “तारा आहेत आणि नागमोडी रेघा आहेत.” आकृत्या शब्दांत लिहून मिळतील का? उत्तर नको, काय काढलंय तेवढंच हवं.

गणिताचे शिक्षक: माझा विरोध आहे. आकृती वाचणं हाच प्रश्नाचा निम्मा भाग असतो. वर्णन दिलं की उत्तर दिल्यासारखंच. त्यापेक्षा या मुलांना आकृतीऐवजी पर्यायी प्रश्न द्यावा.

एक पालक: माझ्या मुलीला अंधुक दिसतं. फोटो मोठा आणि गडद करून दिला की तिचं भागतं.

विज्ञान शिकवणारी: ताई, तुमच्या मुलीला थोडं तरी दिसतं. या मुलाला फोटो कितीही मोठा केला तरी उपयोग नाही. सर, उत्तर न फोडताही वर्णन लिहिता येतं. प्रश्न ४ मी असा लिहीन: “बिंदू अ पासून दोन फांद्या निघतात. प्रत्येकीत ६ ओहमचा एक रोध आहे. दोन्ही फांद्या बिंदू ब ला मिळतात. ब पासून पुढे ३ ओहमचा रोध, मग १२ व्होल्टची बॅटरी, आणि तिथून तार परत अ ला येते. परिपथातली एकूण धारा काढा.” यात ‘समांतर’ हा शब्द मी मुद्दाम टाळलाय, तो मुलानेच ओळखायचा. सहा-सहाचे मिळून तीन, त्यात पुढचे तीन, एकूण सहा. धारा २ अँपिअर. डोळस मुलालाही एवढंच करावं लागतं.

संगणक शिकणारा: एवढा खटाटोप कशाला? फोटोतली अक्षरं ओळखणारी ॲप फुकट मिळतात.

विज्ञान शिकवणारी: छापील ओळी ती बऱ्यापैकी वाचतात. पण या आकृतीतून हाती काय लागेल? ‘६ ६ ३ १२’. कोणता रोध कुठे जोडलाय ते त्यात कुठेच नाही.

गणिताचे शिक्षक: परिपथाचं पटलं. पण हृदयाच्या आकृतीत ‘भाग अ ओळखा’ असेल तर? ‘खालचा, जाड भिंतीचा कप्पा’ लिहिलं की डावी जवनिका सांगूनच टाकली.

विज्ञान शिकवणारी: जाड भिंत कोणाची, हे त्याला माहीत असावंच लागेल ना! तरी तिथे तुमचा पर्यायी प्रश्न बरा, हे मान्य. पण परिपथाचा पर्याय म्हणून ‘ओहमचा नियम लिहा’ विचारलात, तर त्याच्याकडून पाठांतराचीच परीक्षा घेतलीत.

लेखनिक म्हणून बसणारी: वर्णन पेपर काढणाऱ्यानेच लिहावं. ऐनवेळी ते माझ्यावर येतं. मी कला शाखेची. एकदा मी मुलाला “दोन चौकोन एकाखाली एक आहेत” असं सांगितलं. ते समांतर जोडलेले रोध होते. त्याने ते एकसर धरले आणि गणित चुकलं. चूक माझी, गुण त्याचे गेले.