शिष्यवृत्ती अर्ज क्र. 14: सरासरी 7.33 की 7.68?

प्रेषक: अनघा
विषय: अर्ज क्र. 14, आज उत्तर हवं

नमस्कार मंडळी,

यादी उद्या रात्री नागपूरला जायची आहे आणि 14 नंबरवर घोडं अडलंय. मिलिंदच्या शीटमध्ये त्या मुलीची ग्रेडची एकूण सरासरी 7.33 येते, म्हणजे आपल्या 7.50 च्या अटीत ती बसत नाही. शरदकाकांनी मात्र मूळ कागद बघून 7.68 कळवलंय. दुसऱ्या सेमिस्टरचा गणिताचा पेपर बॅक राहिला होता, तो तिने चौथ्या सेमिस्टरसोबत काढला. फरक तिथेच असणार. मागच्या वर्षीसारखी शेवटच्या रात्री फोनाफोनी नको. कृपया एकच आकडा ठरवा.

अनघा

प्रेषक: मिलिंद
विषय: उत्तर: अर्ज क्र. 14, आज उत्तर हवं

अनघा, शीटमध्ये चूक नाही. तिने पाठवलेल्या पाचही गुणपत्रिकांतली प्रत्येक ओळ मी भरली आहे. एकूण पॉइंट 645, एकूण क्रेडिट 88, भागाकार 7.33. कुणाचीही ओळ हाताने काढायची नाही हे आपण त्या जुन्या गोंधळानंतर सर्वांनी मिळून ठरवलं होतं, आणि तीन वर्षं त्याप्रमाणेच चाललंय. एकीसाठी ओळ काढली तर उद्या सगळे म्हणतील आमचीही काढा. काकांचा आदर आहेच, पण शीट कमिटीचं आहे.

मिलिंद

प्रेषक: प्रसाद
विषय: उत्तर: उत्तर: अर्ज क्र. 14, आज उत्तर हवं

7.68 म्हणजे 9.5 ने गुणून 72.96 टक्के. फर्स्ट क्लास झाला की! पुतण्याच्या वेळी आम्ही असंच केलं होतं. टक्क्यांतच अट ठेवा, म्हणजे हा घोळच होणार नाही.

आणि नागपूरहून कोणी येणार असेल तर संत्रा बर्फीचं मागच्या वेळी बोलणं झालं होतं, लक्षात असू द्या.

प्रेषक: शरद (नागपूर)
विषय: उत्तर: अर्ज क्र. 14

सर्वांना सप्रेम नमस्कार.

प्रसाद, 9.5 ने गुणायचं ते सीबीएसईच्या दहावीसाठी होतं. इंजिनीअरिंगच्या सरासरीला ते लावू नकोस. आणि आत्ता प्रश्न टक्क्यांचा नाहीच.

मिलिंद, तुझ्या शीटवर माझा राग नाही. तुझ्याकडे स्कॅन आले, माझ्यापुढे कागद होते, एवढाच फरक. ती मुलगी परवा संध्याकाळी धरमपेठेत घरी आली होती. पारदर्शक फोल्डरमध्ये पाच गुणपत्रिका. चार सेमिस्टरच्या चार, आणि पाचवीवर फक्त एकच ओळ: दुसऱ्या सेमिस्टरचं गणित, 4 क्रेडिट, ग्रेड B+. विषयाचा कोड जुन्या कागदावरचाच, एका अक्षराचाही फरक नाही. जुन्या कागदावर त्याच कोडपुढे F आहे. दोन्ही कागद मी जेवणाच्या टेबलावर शेजारी ठेवून पेन्सिलने मांडलं.

पहिलं सेमिस्टर 22 क्रेडिट, 165 पॉइंट. दुसरं 22 क्रेडिट, 132 पॉइंट, त्यात गणिताचं शून्य. तिसरं 20 क्रेडिट, 158. चौथं 20 क्रेडिट, 162. बेरीज 84 क्रेडिट, 617 पॉइंट. म्हणजे बॅक होता तेव्हा सरासरी 7.35.

आता गणित निघालं. B+ म्हणजे 7, गुणिले 4 क्रेडिट, 28 पॉइंट. जुने पॉइंट शून्य, ते गेले आणि 28 आले. पण क्रेडिट वाढले का? नाही. F झाला तेव्हाच त्या विषयाचे 4 क्रेडिट भागाकारात धरले गेले होते. तोच विषय, तेच 4 क्रेडिट. म्हणून 645 भागिले 84, बरोबर 7.68. तुझ्या शीटमध्ये पॉइंट 645 बरोबर आहेत, पण F ची ओळही उभी आहे आणि B+ ची नवीही, त्यामुळे खाली 88 झाले.

हे ताळा करून पाहायचं असेल तर एवढंच बघ. बॅक असताना तिची सरासरी 7.35 होती आणि तुझ्या शीटमध्ये विषय काढल्यावर 7.33 झाली. पोरीने नापास विषय 7 ग्रेडने काढला आणि सरासरी घसरली, असं काहून होईल बाप्पा? जिथे घसरण दिसेल तिथे क्रेडिट दोनदा मोजले गेलेत, हे मी चाळीस वर्षं गणित शिकवताना पोरांना सांगत आलो.

शरदकाका

प्रेषक: सुहास
विषय: उत्तर: उत्तर: अर्ज क्र. 14

काका, शेवटचं वाक्य पटत नाही. माझ्या भाच्याची सरासरी बॅक निघाल्यावर खरंच कमी झाली होती, आणि त्याच्या कॉलेजने चूक केली नव्हती. तिथे नापास विषयाचे क्रेडिट मिळालेलेच नाहीत म्हणून भागाकारात घेत नसत. या मुलीचंही तसंच पाहा: बॅक होता तेव्हा 617 भागिले 80. मग आजही 80 नेच भागायला हवं. 645 भागिले 80 म्हणजे 8.06 येतात. ती अटीच्या कितीतरी वर आहे.

प्रेषक: वर्षा
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: अर्ज क्र. 14

सुहास, मिलिंद, तुम्ही भागाकारावर भांडताय, मला मूळ प्रश्नच वेगळा वाटतो. जुना ग्रेड जातो की राहतो, हे कोण ठरवतं?

आमच्या लेकीला केमिस्ट्रीत आधी C होता. तिने पुन्हा घेऊन A मिळवला. तिच्या कॉलेजच्या नियमाप्रमाणे C बाजूला गेला, सरासरीत 2.0 ऐवजी 4.0 धरले. आम्ही खूश होतो. मग मेडिकलला अर्ज करायची वेळ आली तेव्हा कळलं की अमेरिकेत मेडिकल कॉलेजांचे अर्ज घेणारी एएमसीएएस दोन्ही प्रयत्न मोजते. त्या एका विषयापुरता हिशेब 3.0 चा झाला, कॉलेज काहीही म्हणो. ऑस्टिओपॅथिक कॉलेजांची एएसीओएमएएस आधी नवा ग्रेड घ्यायची, तेही 2017 पासून बंद झालं. तिला त्या उन्हाळ्यात रडताना बघितलंय मी.

मिलिंदचा 7.33 हा आकडा एकदम खोटा नाही. दोन्ही प्रयत्न धरायचे असं ठरवलं, तर तोच येतो. आपण ठरवलंय का?

प्रेषक: शरद (नागपूर)
विषय: उत्तर: अर्ज क्र. 14

वर्षाताई, तुमचं म्हणणं पूर्ण रास्त आहे, आणि लेकीचं वाचून वाईट वाटलं. आपल्या जाहिरातीत मात्र स्पष्ट लिहिलंय: "संस्थेच्या नियमानुसार एकूण सरासरी". तिच्या संस्थेत नवा ग्रेड जुन्याची जागा घेतो. म्हणून आपण दोन्ही धरू शकत नाही. पुढच्या वर्षी नियम बदलायचा तर बैठकीत बदला, अर्ज आल्यावर नाही.

सुहास, तुझ्या भाच्याची गोष्ट खरी असणार आणि माझं वाक्य मी सरसकट लिहायला नको होतं. जिथे फक्त मिळालेल्या क्रेडिटने भागतात तिथे बॅक असताना तिची सरासरी 617 भागिले 80, म्हणजे 7.71 दिसली असती, आणि पास झाल्यावर 7.68. तिथे घसरण बरोबर आहे, कारण तिच्या बाकी विषयांपेक्षा 7 थोडा कमी आहे. पण 8.06 चुकलं. पास झाली तेव्हा ते 4 क्रेडिट तिला मिळाले. वर 28 पॉइंट घ्यायचे आणि खाली त्याचे 4 क्रेडिट सोडायचे, हे कोणत्याच पद्धतीत बसत नाही. विषय निघाल्यावर दोन्ही पद्धती 84 वरच येऊन मिळतात. फरक फक्त बॅक असेपर्यंतचा.

ताळा करण्याआधी बॅक असतानाची जुनी सरासरी कशाने भागली होती, तेवढं बघून घ्यावं. हिच्या दुसऱ्या सेमिस्टरच्या कागदावर 6.00 छापलंय. 132 भागिले 22 म्हणजे 6.00. भागाकारात 18 असते तर 7.33 छापलं असतं. म्हणजे हिच्या कॉलेजमध्ये F चे क्रेडिट धरतात.

प्रेषक: मिलिंद
विषय: उत्तर: अर्ज क्र. 14

काका, आता बसलं डोक्यात. 6.00 आणि 7.33 चं मी पडताळलं, बरोबर आहे. (योगायोगाने तिथेही 7.33 आलं, मी दोन मिनिटं त्यातच अडकलो होतो.)

ओळ मी अजूनही पुसणार नाही, कारण नंतर कोणी विचारलं तर कागद आणि शीट जुळायला हवेत. त्याऐवजी E रकाना वाढवलाय. ओळ मोजायची असेल तर 1, जागा दुसऱ्या ग्रेडने घेतली असेल तर 0. C मध्ये क्रेडिट, D मध्ये ग्रेडचे पॉइंट:

```
=SUMPRODUCT(C2:C60,D2:D60,E2:E60)/SUMPRODUCT(C2:C60,E2:E60)
```

F च्या ओळीला 0 दिला आणि 14 नंबर 7.68 वर आला. E वरही आणि खालीही लावलाय, नाहीतर पॉइंट जातात आणि क्रेडिट राहतात. आधी मी फक्त वरच लावला होता, तेव्हा आकडा 7.33 वरच अडून राहिला, कारण F चे पॉइंट तसेही शून्यच असतात.

मग एकच कोड दोनदा आलेले सगळे अर्ज चाळले. आणखी एक सापडला, 9 नंबर, आणि तो जास्त कठीण आहे. तो मुलगा नापास नव्हता. 3 क्रेडिटच्या विषयात B होता, ग्रेड वाढावा म्हणून पुन्हा बसला आणि C आला. म्हणजे 6 चा 5 झाला. एकूण 84 क्रेडिट. जुना B धरला तर 631 भागिले 84, 7.51. नवा C धरला तर 628 भागिले 84, 7.48. अटीच्या बरोबर दोन बाजूंना.

प्रेषक: प्रसाद
विषय: उत्तर: उत्तर: अर्ज क्र. 14

पोराने मेहनत केली ना पुन्हा बसून! चांगला असेल तोच धरा, त्यात काय एवढं.

प्रेषक: वर्षा
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: अर्ज क्र. 14

प्रसाद, "नवा ग्रेड जुन्याची जागा घेतो" म्हटलं की नवा, तो वाईट असला तरी. आत्ताच 14 ला आपण तोच नियम लावला. एकीला बरा पडतो म्हणून लावायचा आणि दुसऱ्याला वाईट पडतो म्हणून सोडायचा, हे मला मान्य नाही.

प्रेषक: शरद (नागपूर)
विषय: अर्ज क्र. 9

वर्षाताई, इथे मी थांबतो. काही संस्था शेवटचा ग्रेड घेतात, काही दोन्हींतला चांगला. 14 आणि 9 ची कॉलेजं वेगळी आहेत, त्यामुळे एकाचा नियम दुसऱ्याला लावता येणार नाही. काही ठिकाणी नापासासाठी एक नियम आणि श्रेणीसुधारासाठी दुसरा असतो. त्याच्या परीक्षा नियमावलीचं ते पान बघितल्याशिवाय माझ्या पेन्सिलने मी काही लिहिणार नाही. तो सीताबर्डीजवळ राहतो, सकाळी फोन करून पान घेऊन बोलावतो.

त्याच्या चालू गुणपत्रिकेवर संस्थेने एकूण सरासरी छापली असेल तर तेही कळेल. 7.51 छापलंय की 7.48, त्यावरूनच त्यांनी कोणता ग्रेड धरला ते उघड होईल.

प्रेषक: अनघा
विषय: उत्तर: अर्ज क्र. 9

ठीक. 14 नंबर 7.68 सह यादीत घेतलं, मिलिंदने नवं शीट टाकलंय, जुनं वापरू नका. 9 नंबरची जागा मोकळी ठेवून यादी उद्या पाठवते, तसं नागपूरला आधीच कळवलंय. काका, पान आणि छापील सरासरी दोन्हींचा फोटो सरळ मिलिंदला आणि मला पाठवा, लिस्टवर नको. त्या मुलाचं नाव त्यात येईल.

अनघा